जीभ दीर्घ, जिभेचा ऱ्हस्व

भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला स्वरांचा तास असला की मी फळ्यावर काही लिहायच्या आधी एकाला उभं करते आणि तीन गोष्टी म्हणायला लावते. नदीवर असतो तो काय? ‘पूल.’ हॉटेलात पोहायला असतो तो? ‘स्विमिंग पूल.’ दुकानाच्या काचेच्या दारावर इंग्रजीत ‘ओढा’ या अर्थाची पाटी असते, ती वाच. ‘पूल.’ बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि कोणता पूल कोणता ते ओळखायचं. कुणालाच ओळखता येत नाही. वर्गात लंडनचा माणूस बसला असता तर पोहण्याचा आणि ओढण्याचा पूल वेगवेगळे असायला हवेत, असं त्याने सांगितलं असतं. पण आमच्या तोंडून ऐकताना त्यालाही ते ओळखता आले नसते.

यावर शाळेत आम्हाला एक तोडगा शिकवला होता आणि तो आजही शिकवला जातो. पोहण्याचा पूल दीर्घ, ओढण्याचा पुल ऱ्हस्व. मेंढी ती शीप, दीर्घ. जहाज ते शिप, ऱ्हस्व. हे सूत्र मी कितीतरी वर्षं इमानदारीने पाळलं. ते निम्म्याहून जास्त चूक आहे हे कळलं तेव्हा इंग्रजीपेक्षा मराठीबद्दलच अधिक कळलं, म्हणून सुरुवात आपल्याच तोंडापासून करू.

कंठमण्यावर बोट ठेवा आणि ‘आ’ म्हणा. बोटाखाली गुणगुण लागते. फुप्फुसांतून वर येणारी हवा स्वरयंत्रातल्या दोन लहान पडद्यांमधून जाते आणि ते पडदे उघडझाप करत हवेचे तुकडे पाडतात. पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. या पडद्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. आता बोट तसंच ठेवून ‘ई’ म्हणा. गुणगुण तीच. म्हणजे आ आणि ई यांच्यातला फरक गळ्यात पडत नाही, तो वर कुठेतरी पडतो.

वर आहे घसा, तोंड आणि नाक. व्यंजन म्हणताना या वाटेत कुठेतरी अडवणूक होते. ‘प’ला ओठ मिटतात, ‘त’ला जीभ दातांना टेकते, ‘स’ला वाट इतकी अरुंद होते की हवा घासत जाते. स्वराला अशी अडवणूक नसते. हवा मोकळी बाहेर पडते, फक्त ज्या पोकळीतून ती जाते तिचा आकार बदलतो. हा आकार बदलण्याचं बहुतेक काम जीभ करते. डॉक्टर घसा बघताना ‘आ करा’ म्हणतात, ‘ई करा’ कधीच म्हणत नाहीत, कारण ‘आ’ला जीभ खाली बसते आणि मागची पडजीभ दिसते. ‘ई’ला तीच जीभ फुगून टाळूजवळ जाते आणि बॅटरीच्या उजेडात जिभेशिवाय काही दिसत नाही.

पोकळीचा आकार बदलला की आवाज का बदलतो, हे पाण्याची बाटली भरताना ऐकू येतं. नळाखाली रिकामी बाटली धरली की आधी जाड आवाज येतो आणि ती भरत जाईल तसा तो बारीक होतो. आतली हवेची जागा लहान होत जाते आणि लहान जागा वरच्या पट्टीत घुमते. तोंडातही तसंच आहे. हे स्वतःच्या कानाने ऐकायचं असेल तर गळ्याची गुणगुण बंद करायला हवी, म्हणजे कुजबुजायला हवं. नुसत्या श्वासावर सावकाश ई, ए, आ, ओ, ऊ म्हणून बघा. ‘ई’ची कुजबुज बारीक लागते आणि ‘ऊ’पर्यंत येता येता ती जाड होते, जणू कोणी पट्टी उतरवत नेली. ‘ई’ला जिभेचा फुगवटा पुढे असल्यामुळे त्याच्या आणि ओठांच्या मधली जागा चिमुकली राहते. ‘ऊ’ला जीभ मागे सरते, ओठ चंबूसारखे होतात आणि पुढची जागा लांबलचक होते.

पाहणाऱ्याला जीभ दिसत नाही, ही या विषयातली जुनी अडचण. १९१७ साली लंडनमध्ये डॅनियल जोन्स या उच्चारतज्ज्ञाने स्वतःच्या जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून स्वर म्हणतानाची क्ष-किरण छायाचित्रं काढून घेतली, म्हणजे साखळीच्या रेघेवरून जिभेचा उंचवटा कळावा. आज हे कोणी करू देणार नाही. वर्गात आम्ही हनुवटीखाली अंगठा धरतो आणि ई, ए, ॲ, आ म्हणतो. जबडा पायरी-पायरीने खाली जाताना अंगठ्याला कळतो. स्वराची जागा सांगायला तीन प्रश्न पुरतात. जीभ किती उंच? फुगवटा पुढे की मागे? ओठ गोल की पसरलेले?

आता वर्णमालेकडे या. अ-आ, इ-ई, उ-ऊ. तिन्ही जोड्या आपण एका दमात म्हणतो आणि तिन्हींचं एकच स्पष्टीकरण देतो: पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. मी मुलांना म्हणते, ताणून बघा. ‘मन’ हा शब्द गाण्यात ताणतात तसा ताणा, चार मात्रा, आठ मात्रा, श्वास पुरेल तोवर. त्याचा ‘मान’ होतो का? होत नाही. ‘अ’ कितीही ताणला तरी ‘अ’च राहतो. आणि ‘मान’ घाईघाईत, चुटकीसरशी म्हटला तरी त्याचा ‘मन’ होत नाही. अंगठा पुन्हा हनुवटीखाली धरला तर कारण कळतं: ‘मान’ला जबडा उघडतो, ‘मन’ला जीभ तोंडाच्या मधोमध, अर्ध्या उंचीवर, आळसावल्यासारखी पडून राहते. अ आणि आ यांच्यात लांबीचा फरक आहेच, पण त्यांची ओळख जागेवरून होते. हे पाणिनीच्याही ध्यानात होतं. व्याकरणाच्या सोयीसाठी त्याने अ आणि आ एकाच जागेचे धरले आणि सगळं व्याकरण सांगून झाल्यावर अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात, दोनच अक्षरांच्या आणि दोन्ही अक्षरं ‘अ’च असलेल्या, मिटलेला ‘अ’ मिटलेल्या जागी परत ठेवला.

हीच कसोटी दुसऱ्या जोडीला लावू. ‘किती’ म्हणताना ‘कि’ ताणा. कीऽऽती. शब्द बदलला का? बदलला नाही. रागाने ‘कीऽऽती वेळा सांगायचं?’ असं आपण घरात रोज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला दुसरा शब्द ऐकू येत नाही. जीभही जवळजवळ त्याच जागी असते, फक्त जास्त वेळ थांबते.

इथे स्वनिम ही कल्पना आणावी लागते. तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज म्हणजे स्वन. तोच शब्द दोनदा म्हटला तरी दोन स्वन अगदी एकसारखे नसतात. या असंख्य आवाजांतले कोणते फरक भाषा शब्द वेगळे करायला वापरते, हे बघितलं की स्वनिम सापडतात. बघायची रीत सोपी आहे. बाकी सगळं तसंच ठेवून एकच आवाज बदलायचा आणि शब्द बदलतो का ते पाहायचं. ‘प’ आणि ‘र’ घ्या आणि मध्ये स्वर बदलत जा: पर, पार, पीर, पूर, पेर, पोर. पक्ष्याचं पर, वडाचा पार, गावाबाहेरचा पीर, नदीचा पूर, उसाचं पेर, दारातलं पोर. सहा वेगळे शब्द, म्हणजे सहा स्वनिम. ऐ आणि औ हे दोन स्वर जोडून होतात, ते सध्या बाजूला ठेवू. आणि ऋ वर्णमालेत स्वरांत बसतो खरा, पण मराठी तोंडात तो ‘रु’ आहे, त्यात व्यंजन उघड ऐकू येतं.

आता सातवा शब्द शोधा: ऱ्हस्व ‘पिर’ किंवा ऱ्हस्व ‘पुर’, ज्याचा अर्थ वेगळा असेल. बोलण्यात तो सापडत नाही. एक हुशार विद्यार्थी ‘पुर म्हणजे नगर’ म्हणाला. त्याला मी रेल्वे स्टेशनची पाटी आठवायला सांगितली. पिवळ्या पाटीवर मराठीत ‘नागपूर’ आणि हिंदीत ‘नागपुर’. गाव तेच, अर्थ तोच, आणि मराठीत आपण ते दीर्घच म्हणतो. मग मी विचारलं, कोल्हापूरची चप्पल कशी लिहितोस? कोल्हापुरी. गावात दीर्घ असलेला ‘पू’ चपलेत ऱ्हस्व झाला.

असं मराठीत सगळीकडे होतं. तूप, पण तुपात. ऊस, पण उसाचा. वीट, पण विटा. मूल, पण मुलगी. आणि आपण जिच्याबद्दल बोलतोय ती जीभ, पण जिभेचा. शुद्धलेखनात हा नियम म्हणून पाठ करावा लागतो आणि मुलांना तो त्रास वाटतो, पण नियम कोणी टेबलावर बसून काढलेला नाही. कान लावला तर तो ऐकू येतो. शब्दाच्या शेवटच्या अक्षरात इ-उ लांबतात, पुढे आणखी अक्षर आलं की आखडतात. ‘जीभ’ला ती शेवटच्या अक्षरात आहे म्हणून लांब, ‘जिभेचा’ला पुढे दोन अक्षरं आहेत म्हणून आखूड. लांबी किती असावी हे शब्दातली जागाच ठरवते. बोलणाऱ्याच्या हातात निवड नाही, आणि जिथे निवड नाही तिथे अर्थ बदलता येत नाही. एकाच स्वनिमाची अशी जागेप्रमाणे बदलणारी रूपं असतात, त्यांना स्वनांतरं म्हणतात. मराठी बोलण्यात इ आणि ई हे दोन स्वनिम नाहीत. एकाच स्वनिमाची ती दोन स्वनांतरं आहेत. उ-ऊचंही तसंच.

मग दिन आणि दीन? सुत आणि सूत? शिर आणि शीर? या जोड्या शाळेच्या व्याकरणात असतात आणि दर वर्षी कोणीतरी त्या मांडतंच. उत्तर कानात आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपण मूळ संस्कृतासारखे लिहितो, म्हणून दिवस या अर्थाचा ‘दिन’ ऱ्हस्व. पण ‘शिक्षक दिन’, ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणताना आपण काय म्हणतो? दीनच म्हणतो, ‘तीन’सारखा. म्हणूनच शुभेच्छांच्या फलकांवर ‘दीन’ छापला जातो आणि म्हणूनच फेब्रुवारीच्या अखेरीला ‘मराठी भाषा दिन की दीन’ हा विनोद दर वर्षी न चुकता येतो. दोन्ही शब्द कानाला वेगळे लागले असते तर तो विनोद झालाच नसता. जपून वाचणारा निवेदक किंवा संस्कृत शिकलेला माणूस ‘दिन’ आखूड म्हणतो, हेही खरं; पण तेव्हा तो लिहिलेलं वाचत असतो.

एवढं हातात आल्यावर मेंढी आणि जहाज यांच्याकडे परत जाऊ.

जहाजाचं ‘शिप’ मराठी माणसाच्या तोंडात आलं की काय होणार? एका अक्षराचा शब्द, शेवटी व्यंजन. अगदी ‘जीभ’चा साचा. मराठी तोंड त्याला ‘जीभ’सारखीच वागणूक देणार आणि तो शब्द ‘शीप’ होणार. त्यात निष्काळजीपणा नाही, उलट मराठीचा नियम चोख पाळला जातोय. ‘शिपाई’ म्हणताना हाच ‘शि’ आपोआप आखूड होतो. मुलाला ‘आखूड म्हण’ असं सांगितलं तर तो बळेच ‘शिप्’ असा तोडून म्हणतो, शेवटचा प आदळतो आणि इंग्रजी कानाला घाईत म्हटलेली मेंढी ऐकू येते.

कारण इंग्रजीतला हा फरक मुळात जिभेच्या जागेचा आहे. मेंढीच्या ‘शीप’ला जीभ आपल्या ‘ई’च्या जागी, टाळूखाली, पुढे ताणलेली असते. जहाजाच्या ‘शिप’ला ती थोडी खाली उतरते, थोडी मधल्या बाजूला सरकते आणि सैलावते. लांबीचा फरक त्याच्या जोडीला येतो, पण तो भरवशाचा नाही. इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते: पुढे ड, ग, झ असे घोष आवाज असले तर स्वर लांबतो, प, ट, क असले तर आखडतो. मणी या अर्थाचा ‘बीड’ चांगला लांब असतो (जिल्ह्याशी संबंध नाही). मारणे या अर्थाचा ‘बीट’ तोच स्वर असूनही बराच आखूड. लिलावातली बोली म्हणजे ‘बिड’; तिचा स्वर ‘ऱ्हस्व’ म्हणून शिकवलेला, पण पुढे ड असल्यामुळे तो ‘बीट’च्या ‘दीर्घ’ स्वराइतका लांब भरू शकतो. लांबीवर विसंबलं तर इथे फसगत ठरलेली. इंग्रज फसत नाही, कारण तो मुख्यतः जागा ऐकतो. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांतही या दोन स्वरांना दोन वेगळी चिन्हं दिलेली असतात: मेंढीच्या स्वराला नेहमीचा लहान आय आणि पुढे दीर्घत्वाचे दोन ठिपके, जहाजाच्या स्वराला टिंब नसलेला बुटका कॅपिटल आय. नुसत्या लांबीचा प्रश्न असता तर एकच चिन्ह ठेवून पुढचे ठिपके काढून टाकले असते.

मराठी मुलांना हे सांगायची सगळ्यात सोपी वाट मला मन-मानमध्ये सापडली. शिप आणि शीप यांचं नातं ‘किती’ आणि ‘कीऽऽती’सारखं नाही, ते ‘मन’ आणि ‘मान’सारखं आहे. ताणून भागत नाही, जागा बदलावी लागते. देवनागरीत आपण शिप-शीप असं लिहिलं की डोळ्यांना इ-ईची जोडी दिसते आणि आपण लांबीच्या मागे लागतो. लिपीने केलेली ही दिशाभूल आहे, पण लिपीचा तरी काय दोष. जहाजाच्या स्वराला आपल्याकडे अक्षरच नाही.

जागा कशी सापडते? ‘ई’ म्हणत राहा आणि आवाज न तोडता अगदी हळू ‘ए’कडे घसरत जा. अंगठा हनुवटीखाली ठेवा. ‘ए’ लागायच्या आत मध्येच एके ठिकाणी थांबा आणि गाल-ओठांचा ताण सोडून द्या. तो जहाजाचा स्वर. आता तो ताणून धरा. कितीही वेळ धरला तरी मेंढी होता कामा नये. होत असेल तर जीभ पुन्हा वर चढली. ‘पूल’साठी असंच ‘ऊ’कडून ‘ओ’कडे घसरायचं आणि वाटेत थांबायचं, ओठांचा चंबू जरा ढिला करून.

ही ‘वाटेतली जागा’ नुसती बोलण्याची सोय नाही, ती मोजता येते. १९५२ साली अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळांमध्ये गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी पुरुष, स्त्रिया आणि मुलं मिळून ७६ जणांकडून ‘ह’ आणि ‘ड’च्या मध्ये एकेक स्वर घातलेले दहा शब्द म्हणवून घेतले आणि तोंडातली पोकळी कोणत्या पट्टीत घुमते ते मोजलं. पोकळी एकाच वेळी अनेक पट्ट्यांत घुमते, त्यांतली सगळ्यात खालची पट्टी आपल्याला इथे पुरे. जीभ जितकी उंच तितकी ही पट्टी कमी भरते, जीभ उतरली की ती चढते. पुरुषांची सरासरी मेंढीच्या स्वराला २७० हर्ट्झ आली, जहाजाच्या स्वराला ३९० आणि इंग्रजी ‘पेन’मधल्या स्वराला ५३०. जहाज दोघांच्या जवळजवळ मधोमध आहे. हनुवटीखालच्या अंगठ्याला जे कळलं, तेच आकड्यांत आहे.

आता घरच्या संगणकावर Praat नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच मोजता येतं. मुलं स्वतःचं शिप आणि शीप ध्वनिमुद्रित करतात, स्वराचा मधला भाग निवडतात आणि खालची पट्टी वाचतात. दोन्ही शब्दांना आकडा जवळजवळ सारखा आणि फक्त लांबी वेगळी आली, तर मराठी ‘ई’ दोन मापांत कापली एवढंच झालं. आकडा वर सरकला तर जीभ खरंच हलली. इथे एक चूक हमखास होते: कोणीतरी आपला आकडा पीटरसन-बार्नीच्या तक्त्यातल्या पुरुषांच्या सरासरीशी पडताळून बघतं आणि हिरमुसतं. त्याच तक्त्यात मुलांची, म्हणजे लहान पोरांची, मेंढीच्या स्वराची सरासरी ३७० आहे. पोरांचा घसा आणि तोंड लहान, त्यामुळे सगळ्या पट्ट्या वर. पोराची मेंढी आकड्यात मोठ्या माणसाच्या जहाजाला जाऊन भिडते, तरी आई मुलाचं बोलणं चुकीचं ऐकत नाही. तुलना स्वतःच्या एका स्वराची स्वतःच्याच दुसऱ्या स्वराशी करायची. स्वनिम म्हणजे एखादा ठरलेला आवाज नव्हेच. शेजारच्या स्वरांपासून राखलेलं अंतर म्हणजे स्वनिम.

आणि हे अंतर सगळे इंग्रजी बोलणारेही सारखं राखत नाहीत. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात जोडस्वर धरून वीसच्या आसपास स्वर मोजतात. स्कॉटलंडमध्ये मात्र पोहण्याचा आणि ओढण्याचा पूल एकाच स्वराने म्हणतात. माझ्या वर्गातला पहिला प्रयोग ग्लासगोच्या वर्गात केला असता तर तिथेही मुलं डोळे मिटून बुचकळ्यात पडली असती. आमच्या मुलांना हे कळलं की त्यांना जरा हुशारी वाटते.

ई आणि ऊवर मी इतका वेळ घालवते, कारण तिथे मराठीच्या एका खोलीत इंग्रजीची दोन बिऱ्हाडं राहायला येतात. तसंच ‘ए’च्या खोलीत होतं. लिहायचं पेन आणि दुखणं या अर्थाचं पेन, दोन्ही आपण एकाच ‘ए’ने म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला जबडा आपल्या ‘ए’पेक्षा जास्त उघडतो, दुसऱ्याचा स्वर एका जागी थांबतच नाही, तो ‘ए’पासून निघून ‘इ’कडे सरकतो. फाटक आणि ‘मिळव’ यांचंही तेच, दोन्ही गेट. पण तिसरं एक पॅन आहे, आयकर खात्याच्या कार्डाचं किंवा स्वयंपाकघरातलं, आणि ते मात्र कोणी ‘पेन’ म्हणत नाही. इंग्रजीतल्या इतक्या स्वरांतून एक ॲ आणि एक ऑ एवढ्यांनाच आपण नवीन खोल्या बांधून दिल्या.

त्या खोल्या आता पक्क्या झाल्या आहेत. पूर्वीच्या कसोटीनेच बघा: टाप, टोप, टॉप. घोड्याची टाप, डोक्यावरचा टोप आणि जीन्सवर घालायचा टॉप. शेतातली बाग आणि खांद्यावरची बॅग. समुद्रातलं बेट आणि क्रिकेटची बॅट. एकच आवाज बदलला आणि शब्द बदलला; मूळ इंग्रजी असले तरी हे शब्द आता मराठी वाक्यात मराठी प्रत्यय घेऊन वावरतात, बॅगेत, बॅटीने, टॉपवर. २००९ साली राज्य शासनाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, पण तोंडांनी त्यांना बरंच आधी घेतलं होतं.

सगळ्या तोंडांनी नाही. मागच्या पिढीत, विशेषतः इंग्रजी शाळेत न शिकलेल्या घरांत, बॅटची ब्याट होती, बँकेची ब्यांक आणि बँडचा ब्यांड. हे ऐकून हसणाऱ्यांनी जीभ कुठून कुठे जाते ते बघावं. ॲ ही ए आणि आ यांच्या मधली जागा; ज्या कानाकडे त्या जागेचा स्वनिम नाही, त्याने तिचे दोन भाग केले, सुरुवातीला पुढची जीभ म्हणून ‘य’ आणि नंतर उघडा जबडा म्हणून ‘आ’. ऑला असे दोन भाग सोयीचे पडले नाहीत, तो सरळ आमध्ये गेला: कालेज, डाक्टर, आफिस.

स्वनिम भाषेचे असतात असं आपण म्हणतो, पण ते मोजायला गेलं तर एकाच घरात वेगवेगळे भरतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने घरचा अभ्यास म्हणून आजीचं बोलणं मोबाइलवर टिपून आणलं. तिला आजीकडून टाप आणि टॉप ही जोडी हवी होती. आजीने दोन्ही शब्द म्हटले आणि दोन्ही ‘टाप’ म्हटले. मोजल्यावर स्वरही एकाच ठिकाणी आले. नातीच्या मराठीत आठ साधे स्वर, आजीच्या मराठीत सहा. मुलीने वर्गात विचारलं, मग आजीचा घोटाळा कसा होत नाही? आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. आजी सांगत होती की लहानपणी वाड्यात रात्री घोड्याची टाप ऐकू यायची, आणि काल नातीने आणलेला टाप फार महाग पडला.